फ्रिजच्या दारातलं पाणी: आधी सावकाश, मग टिपटिप, आता सकाळी पूर्ण बंद

चित्रा_मुलुंड

मुलुंड पूर्वेला सात मजली इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहतो. दोन दारांचा साइड बाय साइड फ्रिज आहे. डाव्या दारात, म्हणजे फ्रीझरच्या दारात, पाणी आणि बर्फ मिळायची सोय आहे. सिंकखालच्या कॉकपासून बारीक पांढरी नळी भिंतीच्या कडेकडेने फ्रिजच्या मागे नेली आहे आणि मागे नळीवरच लांबट फिल्टर बसवला आहे.

पावसाळा सुरू झाल्यापासून पाण्याची धार बारीक होत गेली. पेला भरायला आता पाऊण मिनिट लागतं. पॅड सोडल्यावरही बराच वेळ थेंब पडत राहतात, खालच्या ट्रेमध्ये पाणी साचतं. गेल्या आठवड्यापासून सकाळी पाणी येतच नाही. कधी दुपारी आपोआप सुरू होतं, कधी होत नाही.

सर्व्हिसवाला येऊन गेला. त्याने पाच मिनिटांत सांगितलं की दारातली नळी गोठते, पूर्ण दार बदलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून थांबले आहे. दार खरंच बदलावं लागतं का? कोणी अशा प्रकारातून गेलंय का?

समीर_बोरिवली

दार वगैरे काही बदलू नका. फिल्टर चोंदला आहे, दुसरं काही नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, गच्चीवरच्या टाकीच्या तळाचा गाळही ढवळला जातो. फ्रिजचा फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो, आपल्याकडे लोक दोन-दोन वर्षं तोच ठेवतात. माझ्याकडे हेच झालं होतं. नवा फिल्टर घातला आणि धार सुटली.

नंदा_गिरगाव

आमच्याकडेही दारातून पाणी ठिबकतं! आमचा फ्रिज सिंगल डोअर आहे, आतल्या बाजूने दाराला पाण्याची टाकी लावलेली आहे, ती आपण भरायची. थेंब थेंब पडून खाली लाकडी फळी फुगली. टाकी काढून धुतली तरी तेच. तुमचं उत्तर मिळालं की मलाही कळवा.

वसंतकाका_ठाणे

नंदाताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुमच्या टाकीचं पाणी नुसतं वरून खाली उतरतं, त्यात फिल्टर नाही, गोठण्याचा प्रश्नही नाही. टाकीच्या तळाशी, जिथे ती दारात बसते, तिथे रबराची झडप असते. तिच्यावर शेवाळ किंवा कचरा अडकला, किंवा रबर कडक झालं, की थेंब पडतात. झडप काढून कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा. नाहीच थांबलं तर फक्त ते रबर मिळतं का बघा, टाकी बदलू नका.

चित्राताई, मी फ्रिज आणि एसी दुरुस्तीत आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे. समीरचं म्हणणं अर्धं बरोबर असणार. पण फिल्टर चोंदला असता तर सकाळी बंद आणि दुपारी चालू असं झालं नसतं. चोंदलेला फिल्टर दिवसभर चोंदलेलाच असतो. तेव्हा एवढं सांगा:

पाणी बंद असतं तेव्हा बर्फ बनतो का? बनत असेल तर तुकडे पूर्वीएवढेच आहेत की लहान, पोकळ झालेत? पॅड दाबल्यावर मागून गुणगुण आवाज येतो का? आणि फ्रीझरचं तापमान किती लावलंय?

चित्रा_मुलुंड

काका, बर्फ बनतो, पण तुकडे लहान झालेत आणि काही आतून पोकळ आहेत. पॅड दाबलं की मागे बारीक गुणगुण ऐकू येते. फ्रीझर उणे २३ वर आहे. मे महिन्यात आइसक्रीम वितळतंय म्हणून मुलाने खाली नेलं होतं, मग तसंच राहिलं.

समीर, फिल्टर आज उघडून पाहिला. दीड वर्षाचा होता. आतलं पाणी ओतलं तर चहाच्या रंगाचं निघालं. नवा मागवते.

वसंतकाका_ठाणे

मग तुमच्याकडे एकात एक अडकलेल्या दोन-तीन गोष्टी आहेत. एकेक सोडवू.

फ्रिजमध्ये पाणी शिरतं तिथे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो. बर्फाची वाट वेगळी आणि दारातल्या पाण्याची वेगळी. बर्फ बनतोय म्हणजे पाणी फ्रिजपर्यंत येतंय. गुणगुण होते म्हणजे पॅडचा स्विच चालतो आणि व्हॉल्व्हला वीज मिळते. तरीही पाणी नाही, तर वाट पुढे बुजली आहे, आणि ती बुजते फ्रीझरच्या दारातल्या नळीत. एवढ्यापुरतं तुमच्या सर्व्हिसवाल्याचं बरोबर आहे. पण गोठलेल्या नळीसाठी दार बदलणं म्हणजे रोगाचं कारण न बघता अवयव काढणं.

खात्री अशी करा. फ्रिजचा प्लग काढा, सिंकखालचा कॉक बंद करा. फ्रीझरच्या दाराखाली, बिजागरीपाशी, बहुतेक मॉडेलांत एक जोड असतो. खालची जाळी काढली की दिसतो. जोडाची कडा आत दाबून धरली की नळी सुटते. खाली फडकं ठेवा, थोडं पाणी पडेल. दाराकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाला स्वच्छ नळीचा तुकडा लावून फुंका. हवा वरून बाहेर आली तर नळी मोकळी. नाही आली तर आत बर्फ आहे.

बर्फ असेल तर घाई नको. सगळ्यात निर्धोक उपाय म्हणजे फ्रीझर रिकामा करून दार काही तास उघडं ठेवणं. घाई असेल तर केस वाळवायचा ड्रायर कमी उष्णतेवर, दाराच्या आतल्या बाजूने, सतत हलवत फिरवा. एका जागी धरला तर आतलं प्लास्टिक वाकतं. उकळतं पाणी नको. तार किंवा सुरी तर अजिबात घालू नका, नळीला भोक पडलं तर मग खरोखरच दार बदलायची वेळ येईल.

आणि फ्रीझर उणे १८ वर आणा.

मिलिंद_दादर

हेच लिहिणार होतो, सगळं उणे २३ मुळे झालंय. माझ्या बहिणीकडे फ्रीझर उणे १८ वर आणल्यावर त्रास थांबला. बर्फ पडतो त्या वाटेची झडपही बघा. बर्फाचा चुरा अडकून ती अर्धवट उघडी राहिली तर फ्रीझरची हवा थेट पाण्याच्या तोंडावर येते, आणि तिथे लटकलेला थेंब गोठतो. झडपेत कागदाची पट्टी धरून ओढा. सहज निसटली तर झडप नीट बसत नाही.

चित्रा_मुलुंड

सगळं केलं. फुंकलं तर हवा गेली नाही, म्हणजे काकांचं निदान बरोबर. रात्रभर फ्रीझर रिकामा ठेवला, सामान शेजाऱ्यांकडे नेलं. सकाळी फुंकल्यावर आधी बर्फाचा चुरा आणि मग पाणी बाहेर आलं. नवा फिल्टर बसवला, तापमान उणे १८. झडपेत कागद घट्ट धरला जातो.

पाणी सुरू झालं आणि धारही आधीपेक्षा बरी आहे. पण समीर म्हणतो तशी सुटली नाही. पेला भरायला अजून अर्धा मिनिट लागतं आणि मागून थेंब पडतातच.

समीर_बोरिवली

नवीन फिल्टरमध्ये हवा असते. सात-आठ लिटर पाणी सलग काढून टाका, काळसर निघालं तरी घाबरू नका, कोळशाची बारीक पूड असते. हवा निघाली की थेंबही थांबतील.

चित्रा_मुलुंड

बादलीभर काढलं. थेंब कमी झाले, थांबले नाहीत. आणि आज सकाळी पुन्हा पाणी बंद! तापमान उणे १८ असूनही. मिलिंद, आता काय म्हणता?

मिलिंद_दादर

मग दाखवतं ते तापमान खरं नसेल. आत थर्मामीटर ठेवून बघा.

वसंतकाका_ठाणे

थर्मामीटर ठेवायला हरकत नाही, पण मला पोकळ बर्फाचे तुकडे पहिल्यापासून खटकत होते. ते पाणी कमी पडल्याचं लक्षण आहे, थंडी जास्त असल्याचं नव्हे. आणि फिल्टर आता नवा आहे. चित्राताई, गच्चीवरची टाकी तुमच्या स्वयंपाकघरापासून किती उंच आहे?

एक मोजमाप करा. फ्रिजच्या मागची नळी काढा, म्हणजे फिल्टरमधून येऊन फ्रिजमध्ये शिरते ती. तोंड एक लिटरच्या बाटलीत धरा, कॉक पूर्ण उघडा आणि किती वेळ लागतो बघा. साधारण मिनिटभरात भरली तर दोष फ्रिजमध्ये. खूप जास्त वेळ लागला तर दोष फ्रिजच्या आधी.

चित्रा_मुलुंड

नवरा घड्याळ लावून बसला होता. एक लिटरला अडीच मिनिटांच्या वर लागली. मग फिल्टर काढून नळी थेट धरली, तरी दीड मिनिटाच्या आसपास. सिंकच्या नळाला मात्र भांडी घासायला पुरेसं पाणी येतं, म्हणून हा विचारच डोक्यात आला नव्हता.

टाकी आमच्या अगदी डोक्यावर आहे. गच्चीचा जिना आणि चौथरा धरून टाकीचा तळ आमच्या सिंकच्या कॉकपासून साडेतीन मीटर वर असेल. हीच कंपनी, हेच मॉडेल दुसऱ्या मजल्यावरच्या जोशींकडे आहे. त्यांना काही त्रास नाही.

अभिजित_डोंबिवली

दुसऱ्या मजल्यावर त्रास का नाही याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. प्लंबिंगचं डिझाइन करतो म्हणून हिशेब मांडतो.

उभ्या पाण्याचा दाब फक्त उंचीवर ठरतो. टाकी किती मोठी किंवा पाइप किती जाड, त्याने फरक पडत नाही. दर मीटर उंचीला साधारण १.४ पीएसआय. तुमचे साडेतीन मीटर म्हणजे ५ पीएसआय. टाकी काठोकाठ भरलेली असेल आणि आत दीड मीटर पाणी असेल तर ७. फ्रिजच्या पुस्तिकेत पाण्याच्या दाबाचा आकडा असतो, बहुतेक ठिकाणी किमान २० पीएसआय. २० साठी टाकीच्या खाली सुमारे १४ मीटर जावं लागतं. जोशी तुमच्यापेक्षा पाच मजले खाली, म्हणजे तीन-तीन मीटरचे पाच मजले आणि वरचे साडेतीन, साडेअठरा मीटर झाले. त्यांना २६ पीएसआय मिळतो.

हा झाला पाणी स्थिर असतानाचा दाब. वाहायला लागलं की सिंकपासून फ्रिजपर्यंतची बारीक नळी त्यातला काही खाते आणि फिल्टर आणखी खातो. जोशींचे दोन-तीन पीएसआय गेले तर त्यांना कळतही नाही. तुमच्याकडे मुळात पाचच आहेत. म्हणून गाळ भरलेल्या फिल्टरने तुमचं पाणी जवळजवळ अडलं, आणि नव्या फिल्टरनेही ते पूर्ण सुटलं नाही.

समीर_बोरिवली

आता कळलं माझ्याकडे फिल्टर बदलून काम का झालं. आम्ही चौदा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहोत.

चित्रा_मुलुंड

हे पटलं. पण कमी दाबाने पाणी सावकाश येईल. थेंब का पडतात? गोठतं का?

वसंतकाका_ठाणे

त्याचं मूळ व्हॉल्व्हच्या रचनेत आहे. आत रबराचा पडदा असतो. वीज लागली की मधलं बारीक छिद्र उघडतं आणि पडदा उचलला जातो. वीज गेली की छोटी स्प्रिंग छिद्र बंद करते, पण पडदा आपल्या जागी घट्ट दाबून धरायचं काम पाण्याचा दाबच करतो. मागे जोर नसेल तर पडदा सैल बसतो, आणि कडेला गाळाचा कण अडकला की पाणी झिरपत राहतं. म्हणजे पाणी कमी येणं आणि थेंब न थांबणं, दोन्ही एकाच कारणाने.

हे झिरपलेलं पाणी रात्रभर दारातल्या नळीत सरकत राहतं आणि तोंडाशी थेंब लटकतो. रात्री कोणी पाणी घेत नाही, त्यामुळे नळीतलं पाणी बदलत नाही आणि जिथे थंडी जास्त तिथे आधी गोठतं. दिवसा दार उघडझाप होते, लोक पाणी घेतात, म्हणून दुपारी कधीतरी सुटतं. उणे २३ ने हे लवकर होत होतं. उणे १८ ने उशिरा झालं, पण झालंच. मिलिंदचं चूक नाही, ते कारण खरं होतं, फक्त एकटं नव्हतं.

झिरपण व्हॉल्व्हचीच आहे का, हे असं ओळखा. झोपताना पाण्याखाली कोरडा कप ठेवा. एका रात्री कॉक उघडा ठेवा, दुसऱ्या रात्री बंद. कॉक बंद असताना कप कोरडा आणि उघडा असताना ओला, तर व्हॉल्व्हमधून येतंय. दोन्ही रात्री थोडं पाणी असेल तर फ्रिजच्या आतल्या छोट्या टाकीत हवा अडकली आहे. पाणी घेताना ती दबते, नंतर पसरते आणि पाणी बाहेर ढकलते.

रेहान_मीरारोड

आमचंही बघा कोणीतरी. फ्रिजला आरओचं पाणी जोडलंय, धार अजिबात नाही. आरओवाला म्हणतो फ्रिज खराब, फ्रिजवाला म्हणतो आरओ खराब. आमच्याकडे बोअर आणि टँकरचं पाणी मिसळून येतं म्हणून आरओ लागतोच.

अभिजित_डोंबिवली

रेहान, भिंतीवरच्या घरगुती आरओतला पंप पाणी गाळणीच्या पडद्यातून ढकलण्यासाठी असतो. शुद्ध झालेलं पाणी साध्या उघड्या टाकीत पडतं आणि तिथून नुसतं उंचीने खाली येतं. एक-दीड मीटर उंची म्हणजे दोन पीएसआयसुद्धा धड नाही. दोघांपैकी कोणाचंही यंत्र खराब नसेल. आरओ आणि फ्रिजच्या मध्ये पंप हवा.

चित्राताई, तुम्हालाही तेच. एकतर सोसायटीने टाकीखाली वरच्या दोन मजल्यांसाठी प्रेशर पंप लावायचा, किंवा सिंकखाली फक्त फ्रिजच्या नळीवर छोटा डायाफ्रॅम पंप आणि सोबत प्रेशर स्विच. दाब ४० पीएसआयच्या आसपास गेला की स्विच पंप थांबवतो आणि पाणी घेतलं की पुन्हा चालू करतो. पंप फिल्टरच्या आधी लावा, नंतर नको. आणि टाकी रिकामी झाल्यावर पंप कोरडा फिरू नये म्हणून आधी लो प्रेशर स्विच हवा.

मिलिंद_दादर

पंप लावणं बेकायदेशीर आहे ना? पालिका जप्त करते.

अभिजित_डोंबिवली

पालिकेच्या मुख्य लाइनवर थेट पंप लावून पाणी ओढायला बंदी आहे, कारण शेजारच्या इमारतीचं पाणी ओढलं जातं. आपल्या गच्चीवरच्या टाकीनंतरचं पाणी आधीच आपल्याकडे आलेलं असतं, तिथे ही अडचण नाही. टाकीपाशी लावायचा असेल तर सोसायटीची परवानगी मात्र घ्या.

चित्रा_मुलुंड

कपाची परीक्षा झाली. कॉक बंद तर दोन-चार थेंब, कॉक उघडा तर तळ भरेल एवढं पाणी. म्हणजे व्हॉल्व्ह झिरपतोय आणि थोडी हवाही आहे.

सोसायटीत विचारलं. सचिव म्हणाले सर्वसाधारण सभेत मांडा. तोवर थांबायला नको म्हणून सिंकखाली छोटा पंप बसवला, दोन्ही स्विचसकट. आरओची दुरुस्ती करणाऱ्याने तासाभरात जोडून दिला. पंपाच्या आधी गाळ अडवायला पाच मायक्रॉनचा साधा स्पन फिल्टरही लावला. त्याची कांडी शे-दीडशेत येते, फ्रिजचा फिल्टर हजारांत जातो.

पेला आता बारा-तेरा सेकंदांत भरतो. बर्फाचे तुकडे भरीव झाले. फ्रीझर उणे १८ वर आहे आणि अजून तरी सकाळी पाणी बंद पडलेलं नाही. रात्रीच्या कपात मात्र थोडं पाणी दिसतं, आधीपेक्षा खूप कमी.

वसंतकाका_ठाणे

छान. आता दोन गोष्टी. एक, जी नळी ५ पीएसआयवर राहत होती तिच्यावर आता ४० आहे. प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून एक रात्र ठेवा, ओला झाला तर तो जोड पुन्हा बसवा. गावाला जाताना कॉक आणि पंप दोन्ही बंद करा.

दुसरं, कपात अजून पाणी येतंय तर पडद्याच्या कडेला गाळ बसून राहिला असावा. दाब वाढल्यावर तो काही वेळा आपोआप निघून जातो. महिनाभर बघा. नाही थांबलं तर व्हॉल्व्ह बदला. तो मागच्या बाजूला खाली दोन-तीन स्क्रूवर असतो, दारापेक्षा कितीतरी स्वस्त.

प्रेशरवाला_परळ

काकांशी थोडा असहमत आहे. एकदा झिरपायला लागलेला व्हॉल्व्ह मी लगेच बदलतो. दाब वाढवून तो सुधारतो असं माझ्या अनुभवात क्वचितच झालंय, उलट ४० पीएसआयवर कणाने चिरलेला पडदा जास्त गळतो. आणि गळती चालू राहिली तर पंप रात्री मध्येच चालू होईल. चित्राताई, पंपाचा आवाज येतो का रात्री?

चित्रा_मुलुंड

लक्ष दिलं नव्हतं. आज रात्री ऐकते आणि सांगते.

रेहान_मीरारोड

ताई, तुमच्या पंपाची क्षमता किती आहे ते पण लिहा. आणि आरओच्या टाकीखाली लावला तर टाकी एकदम रिकामी होऊन स्वयंपाकाला पाणी उरणार नाही, असं घरचे म्हणतायत. यावर काय करतात?